कोणता पाचवा प्रश्न?

दिवेलागणीच्या सुमारास फोन वाजतो आणि पडद्यावर एवढंच उमटतं : ‘मॅडम, प्रश्न ५ सोडवून द्या ना.’ शेवटी जोडलेले दोन हात. नंबर अनोळखी, कारण फोन बहुधा वडिलांचा. फोटोच्या जागी गणपती. पलीकडे मुलगा आहे की मुलगी, आठवीतलं मूल आहे की दहावीतलं, हातात बालभारतीचं पुस्तक आहे की क्लासची झेरॉक्स, काहीच कळत नाही. सहामाही जवळ आली की असे निरोप वाढतात. ते वाचताना माझ्या डोळ्यांपुढे येतं ते पलीकडचं मूल. जमिनीवर पालथं पडलेलं, पान उलटू नये म्हणून पुस्तकावर कंपासपेटी ठेवलेली, पेन्सिलीचं टोक दातांत. त्याच्यासमोर तो पाचवा प्रश्न इतका ठसठशीत छापलेला आहे की तो मला दिसत नसेल, हे त्याच्या मनातही येत नाही.

आणि यावं तरी कसं? वर्गात ‘आता पाचवा घ्या’ म्हटलं की सगळी डोकी एकाच पानावर झुकतात. फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात विषय, प्रकरण आणि सरावसंचाचा क्रमांक लिहिलेला असतो. शेजारच्या बाकावरच्याचं पुस्तकही त्याच पानावर उघडं असतं. तिथं एक आकडा पुरतो, कारण बाकीचं सगळं त्या खोलीनं धरून ठेवलेलं असतं. शाळा सुटते, खोली मागे राहते आणि मूल तेवढा आकडा घेऊन घरी येतं. त्या निरोपाला आळस म्हणणं मला कधी पटलेलं नाही. आपण दोघं अजून एकाच वर्गात बसलो आहोत, असा त्याचा विश्वास असतो, आणि त्या विश्वासाला धक्का न लावता मला त्याच्याकडून बाकीचं काढून घ्यायचं असतं.

पाचवे प्रश्न किती असतात, ते एकदा पुस्तक उघडून बघावं. प्रत्येक प्रकरणात सरावसंच, प्रकरणाच्या शेवटी संकीर्ण प्रश्नसंग्रह, आणि प्रत्येकाची मोजणी पुन्हा एकपासून. गणिताचे भाग दोन. त्यात ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’ या नावाचं प्रकरण नववीतही आहे आणि दहावीतही. नववीत ते भाग एकमधलं पाचवं, दहावीत पहिलं. ‘वर्तुळ’, ‘निर्देशक भूमिती’ आणि ‘त्रिकोणमिती’ यांचंही तसंच, दोन्ही इयत्तांना तीच नावं. त्यामुळे मुलानं प्रकरणाचं नाव कळवलं तरी इयत्ता उरतेच. बोर्डाच्या दहावीच्या प्रश्नपत्रिकेत तर पाचवा प्रश्न हा शेवटचा असतो. तीन गुणांचा, आणि त्यात दोन उपप्रश्न देऊन कोणताही एक सोडवायला सांगितलेला. म्हणजे तिथं ‘प्रश्न ५’ एवढं पूर्ण सांगूनही निम्मं सांगायचं राहतं.

पण खरी गंमत मजकुराची आहे. एक नेहमीचं उदाहरण घेते, कारण त्यात शब्दाशब्दाचं वजन नीट दिसतं. ‘एका दोन अंकी संख्येतील अंकांची बेरीज ९ आहे. अंकांची अदलाबदल केल्यास मिळणारी संख्या मूळ संख्येपेक्षा २७ ने मोठी आहे. तर ती संख्या कोणती?’ हा आपला पाचवा प्रश्न समजू.

आता तो झाकून ठेवू आणि एकेक तुकडा उघडू. नुसतं ‘दोन अंकी संख्या’ एवढं कळलं, तर समोर १० पासून ९९ पर्यंत नव्वद संख्या उभ्या राहतात. अंकांची बेरीज ९ आहे हे कळलं की त्यातल्या नऊच उरतात : १८, २७, ३६, ४५, ५४, ६३, ७२, ८१ आणि ९०. मग समजा, मुलानं आठवणीतून लिहिलं की ‘अदलाबदल केल्यावर २७ चा फरक पडतो’. आता दोन उरल्या, ३६ आणि ६३. दोघींच्या अंकांची बेरीज ९, आणि अंक फिरवले की दोघींतही फरक २७. यातली कोणती खरी, हे ठरतं ते शेवटच्या एका शब्दावर. ‘मोठी’ म्हटलं तर ३६, ‘लहान’ म्हटलं तर ६३. तो एक शब्द टाइप करायचा राहिला, तर मी कितीही नीट सोडवलं तरी माझं उत्तर अर्धंच राहणार.

उलट, मुलानं दुसरी ओळ पूर्ण लिहिली आणि पहिली विसरलं तर? अंक फिरवल्यावर संख्या २७ ने मोठी व्हायची असेल, तर एकक स्थानचा अंक दशक स्थानच्या अंकापेक्षा ३ ने मोठा हवा. अशा संख्या सहा आहेत : १४, २५, ३६, ४७, ५८, ६९. सहाही बरोबर. इथं एक खूण हाती लागते आणि ती मुलांनी स्वतःही वापरावी. शोधायचे अंक दोन, आणि मांडता येणारं समीकरण एकच, असं दिसलं की बहुतेक वेळा प्रश्नाची एक ओळ कुठंतरी सुटलेली असते. तसंच, कुणी २७ च्या जागी २५ लिहून पाठवलं तर ते वाचताक्षणी कळतं. दोन अंकी संख्येचे अंक फिरवल्यावर पडणारा फरक नेहमी ९ च्या पटीत असतो, कारण 10y + x मधून 10x + y वजा केलं की 9(y − x) उरतं. २५ काही ९ च्या पटीत येत नाही. चूक प्रश्नात नसते, घाईत दाबलेल्या अक्षरात असते.

मजकूर पूर्ण आला तरी इयत्ता लागतेच, आणि ती का लागते हेही याच उदाहरणात दिसतं. आठवीतल्या मुलाला एका चलाचं समीकरण येतं. त्याला सांगायचं, दशक स्थानी x धर, म्हणजे एकक स्थानी 9 − x आपोआप आला. मग 10x + (9 − x) + 27 = 10(9 − x) + x, त्यातून 18x = 54, आणि x = 3. नववीतलं मूल दोन चलं धरतं : x + y = 9, आणि दुसऱ्या अटीवरून y − x = 3. दोन्हींची बेरीज केली की x निघून जातो, 2y = 12, y = 6. दहावीला राज्य मंडळाच्या पुस्तकात निश्चयक येतो आणि क्रेमरची पद्धत येते. समीकरणं x + y = 9 आणि −x + y = 3 अशी मांडली की D = 2, Dx = 6, Dy = 12, म्हणून x = 3, y = 6. तिन्ही वाटा ३६ वरच येतात. पण आठवीच्या मुलाला मी निश्चयक पाठवला, तर त्याला तो परक्या मुलखासारखा वाटेल. सीबीएसईच्या दहावीतल्या मुलीचंही तेच, तिच्या पुस्तकात निश्चयक नाहीच. आणि पाचवीतला एखादा हुशार पोरगा नऊ संख्या एकाखाली एक लिहून, प्रत्येकीचे अंक फिरवून, वजाबाक्या करून ३६ वर बोट ठेवील. त्याचीही रीत मला तितकीच आवडते.

मुलानं प्रश्नाचा फोटो पाठवला, तरी त्यात बहुतेक वेळा कापली जाते ती सरावसंचातली वरची ओळ. प्रश्न क्रमांकाशेजारी लिहिलेलं असतं, ‘खालील एकसामयिक समीकरणे आलेखाने सोडवा’ किंवा ‘क्रेमरच्या पद्धतीने सोडवा’, आणि त्याखाली समीकरणांच्या जोड्या. मूल हव्या त्या जोडीवर बोट ठेवून तेवढ्याचाच फोटो काढतं. मी चलाचा लोप करून दोन ओळींत उत्तर पाठवते, ते बरोबरही असतं, आणि तरी वहीत त्याला गुण मिळत नाहीत. मागितलेला असतो आलेख. तिथं प्रत्येक रेषेसाठी निदान तीन बिंदूंचा तक्ता करायचा, अक्षांवर प्रमाण लिहायचं, आणि रेषा जिथं छेदतात तो बिंदू वाचायचा. गुण त्या पायऱ्यांना असतात.

‘सोडवून द्या’ या मागणीबद्दलही थोडं सांगायला हवं. नुसतं उत्तर मुलाकडे बहुधा असतंच, कारण पुस्तकाच्या शेवटी उत्तरसूची छापलेली असते. तिथं ३६ लिहिलेलं त्यानं केव्हाच पाहिलं आहे. त्याला मधली वाट सापडत नाही, आणि ती नेमकी कुठं हरवली हे त्याच्या कच्च्या कामाशिवाय मला समजणार नाही. या प्रश्नात माझा अनुभव असा, की मुलं समीकरणं सोडवताना फारशी अडत नाहीत. ती अडतात ‘दशक स्थानी x म्हणजे 10x’ हे लिहिताना. संख्येला xy म्हणतात आणि पुढं तो गुणाकार समजून बसतात. ही एक जागा मोकळी करून दिली की बाकीचं ती स्वतः करतात. जॉर्ज पोल्या या गणितज्ञानं १९४५ सालच्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात उकलीची पहिली पायरी प्रश्न समजून घेण्याची सांगितली आहे : काय शोधायचं, काय दिलेलं आहे, अट कोणती. मुलाला प्रश्न स्वतःच्या हातानं उतरवायला लावला की ही पायरी त्याच्या नकळत पार पडते. ‘मॅडम, लिहिता लिहिता सुटलं’ असा उलट निरोप आला की माझी ती संध्याकाळ सोन्याची होते.

म्हणून मी अंदाजानं कधी सोडवत नाही. दुसऱ्याच पाचव्या प्रश्नाची उकल पाठवली, तर मूल ती विश्वासानं, सुवाच्य अक्षरात, समास आखून वहीत उतरवतं. आणि ती त्याच्या प्रश्नाची नव्हे हे त्याला कळेपर्यंत वही तपासायला गेलेली असते. रागावण्यातही अर्थ नाही, त्यानं पुढच्या वेळी निरोपच येत नाही. मी लिहिते, ‘बाळा, कितवीत आहेस? अख्ख्या पानाचा एक फोटो पाठव.’ शिकवणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनी, मोठ्या भावंडांनी आणि शेजारच्या काकांनीही पेन उचलण्याआधी एवढं विचारावं.

आणि मुलांनो, फोटो काढताना पान वरपासून खालपर्यंत येऊ द्या. वरची सूचना, सरावसंचाचा क्रमांक, खालचा पृष्ठ क्रमांक, सगळं दिसू द्या. इयत्ता आणि माध्यम लिहा. तुम्ही केलेलं कच्चं काम, अर्धवट राहिलेलं असो की खोडलेलं, तेही पाठवा. मला सगळ्यात आधी तेच बघायचं असतं.