मान उचला, भैया

क्रिटिकल केअर नर्सिंगच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या अर्जासोबत एक निवेदन जोडावं लागतं: हा विषय का, आणि तुम्हीच का. नमुन्यादाखल मैत्रिणींनी चार निवेदनं पाठवली. चारही ‘लहानपणापासून सेवेची आवड’ इथून सुरू होऊन ‘समाजाचं ऋण’ इथे संपत होती. निवड समितीवर बसणाऱ्या बहुतेक स्वतः नर्स असतात. आयसीयूतली रात्र त्यांनी काढलेली असते, त्यांना आवड सांगून काय मिळणार? मी ठरवलं, एकच रुग्ण आणि त्याच्यामुळे पडलेला एकच प्रश्न लिहायचा.

उज्जैनच्या आयसीयूत पावसाळा लागला की आमचे ठरावीक रुग्ण येऊ लागतात. तराना, महिदपूर, बडनगर, घट्टिया. सगळीकडे सोयाबीन, आणि सोयाबीनवर फवारणी. कुणाच्या अंगावर औषध उडालेलं असतं, कुणाच्या पोटात गेलेलं असतं. कसं गेलं हे पहिल्या तासात आम्ही विचारत नाही. विचारायचं ते एवढंच, की डबा कुठला. क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस असलं काही लेबलवर दिसलं की पुढचे चार दिवस कसे जाणार याचा अंदाज येतो.

तो तिशीतला शेतकरी असाच आला. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडातून फेस, छातीत घरघर, नाडी ५२. अशा वेळी अॅट्रोपिन द्यायचं आणि दर पाच मिनिटांनी छाती ऐकून डोस दुप्पट करत जायचं. आमच्याकडे ०.६ मिलिग्रॅमचे अँप्यूल असतात. आधी तीन, मग सहा, मग बारा. एकवीस अँप्यूल फोडल्यावर छाती कोरडी झाली, नाडी ९६ वर आली, काखेतला घाम थांबला. एकूण डोसाचा साधारण दहावा हिस्सा दर तासाला चालू ठेवतात, म्हणजे सिरिंज पंपावर तासाला दोन मिली. रुग्ण शुद्धीवर आला, पाणी मागू लागला. बाहेर बसलेल्या वडिलांनी महाकालाच्या दिशेनं हात जोडले. दुसऱ्या दिवशी राउंडला सगळं ‘ठीक’ लिहिलं गेलं, आणि ते खोटं नव्हतं.

पण अॅट्रोपिनचा हुकूम ग्रंथी, हृदय, श्वासनलिका यांच्यावर चालतो. स्नायू आणि नस जिथे जुळतात तिथे त्याचं काही चालत नाही. त्यामुळे छाती कोरडी, नाडी उत्तम, आणि तरी २४ ते ९६ तासांच्या दरम्यान मानेचे, खांद्याचे आणि मग श्वासाचे स्नायू ढिले पडू शकतात. श्रीलंकेतल्या दोन डॉक्टरांनी, सेनानायके आणि करलियद्दे यांनी, १९८७ मध्ये हे वर्णन प्रसिद्ध केलं आणि त्याला ‘इंटरमीडिएट सिंड्रोम’ म्हटलं. हे कुणाला होईल ते पहिल्या दिवशी छातीवरून कळत नाही. मानेवरून कळतं.

म्हणून दुसऱ्या रात्री मी त्याला म्हटलं, “भैया, तकिये से सिर उठाओ, और रोको.” दहा वाजता त्यानं पाच सेकंद डोकं धरलं. मग खोल श्वास घेऊन एका दमात आकडे मोजायला सांगितलं. निरोगी माणूस तिशी-चाळिशीच्या पुढे सहज जातो, हा २४ वर थांबला. बारा वाजता १४. दोन वाजता डोकं उशीवरून सुटेचना, आकडे ९. मॉनिटरवर मात्र सॅच्युरेशन ९७. श्वासाची गती २८ वरून २२ वर आलेली, म्हणजे वरवर पाहणाऱ्याला सुधारणाच.

मास्कमधून चार लिटर ऑक्सिजन चालू असला की सॅच्युरेशन बराच वेळ चांगलं दिसत राहतं. रक्तात ऑक्सिजन पोचतोय एवढंच ते सांगतं. कार्बन डायऑक्साइड बाहेर जातोय का, हे सांगत नाही. आणि थकलेल्या माणसाची गती कमी होणं हे आराम पडल्याचं लक्षण नसतं. डॉक्टरांना आकडे सांगून एबीजी पाठवलं. कार्बन डायऑक्साइड ५८ आला, असायला हवा ३५ ते ४५. नळी घातली ती दिवे लागलेले असताना, साहित्य मांडून, घाईगर्दी न करता. नळी घालताना एरवी हाताशी असणारं सक्सिनिलकोलीन या रुग्णांना टाळतात, कारण ते जिरवणारं एन्झाइमच विषानं बंद पाडलेलं असतं आणि परिणाम तासन्‌तास रेंगाळतो. त्याऐवजी रोक्युरोनियम दिलं. आठवडाभरानं व्हेंटिलेटर काढायचा की नाही हेसुद्धा आधी मानेलाच विचारलं. माणूस चालत घरी गेला.

इथपर्यंतची गोष्ट सांगितली तर निवेदन स्वतःच्या कौतुकाचं होतं. म्हणून त्यातल्या अडचणी मी मुद्दाम लिहिल्या. अॅट्रोपिन जास्त झालं की रुग्ण बरळतो, चादर ओढतो, त्याला मोजायला सांगून उपयोग नाही. ज्याला गिनती येत नाही त्याला आम्ही ‘जय महाकाल’ म्हणत राहायला सांगतो. पण एक ‘जय महाकाल’ म्हणजे किती आकडे? दोन रुग्णांची तुलना तिथेच संपते. कुणी हळू मोजतं, कुणी भरभर. आणि एका दमातले आकडे १५ च्या खाली गेले की सावध व्हायचं ही माझी रेषा खरी, पण ती अनुभवाची आहे. नक्की किती आकड्यांना एबीजी पाठवायचं, किती वेळ डोकं धरता आलं तर निर्धास्त राहायचं, दर दोन तासांनी पाहणं पुरतं की तासाला पाहायला हवं, हे मला सिद्ध करून दाखवता येत नाही. रात्री दोन वाजता नवी मुलगी ड्यूटीवर असेल तर तिनं माझ्या अंदाजावर डॉक्टरांना उठवावं, असं मी कुठल्या तोंडानं सांगू?

मला शिकायचंय ते हे, आणि निवेदनात तसंच लिहिलंय. इंडियन नर्सिंग काउन्सिलनं २०१६ च्या सुमारास नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर हा दोन वर्षांचा निवासी अभ्यासक्रम आणला. त्याला बीएस्सी नर्सिंग आणि निदान वर्षभराचा रुग्णालयातला अनुभव लागतो. मला तो पटला कारण त्यातला मोठा वेळ वॉर्डातच जातो, वर्गात कमी. पदवी मिळाली म्हणून मी आपल्या मर्जीनं नळी घालू लागेन असं नाही. संस्थेनं मंजूर केलेल्या प्रोटोकॉलच्या चौकटीतच काम करायचं असतं, आणि ते योग्यच आहे. पण ती चौकट लिहिताना नर्सचं म्हणणं ऐकलं जायचं असेल, तर तिनं आकडे गोळा करून, पद्धतशीर मांडून दाखवले पाहिजेत. निरीक्षण आणि पुरावा यांतलं अंतर मला एकटीला कापता येत नाही.

‘पुढे काय करणार’ या रकान्यात बहुतेक जण प्राध्यापक किंवा परदेश लिहितात. मी लिहिलं, उज्जैनलाच परत येणार. २०२८ ला सिंहस्थ आहे, शहरात लाखो लोक येतील, आयसीयूत गर्दी वेगळ्याच आजारांची होईल. फवारणीचे रुग्ण मात्र त्याच्या आधीही येणार आणि नंतरही. आमच्या तासाच्या चार्टवर नाडी, रक्तदाब, सॅच्युरेशन, मूत्र यांचे रकाने आहेत. त्यात मान आणि आकडे असे दोन वाढवायचे आहेत. छपाईला फारसा खर्च नाही, पण ते छापण्याआधी कुठल्या आकड्याला काय करायचं हे ठरलेलं असलं पाहिजे. तेवढ्यासाठी हा अर्ज आहे.