उगीच रागावलं म्हणून आलेला निरोप



आमच्या मंदिरातली पाठशाळा रविवारी सकाळी नऊ ते साडेदहा भरते. शिकवणाऱ्या सगळ्या आपल्याच मुली-सुना, मानधन कुणालाच नाही. हजेरी, पुस्तकं आणि पालकांचे फोन माझ्याकडे. त्यात सगळ्यात जपून करायचं काम म्हणजे "माझ्या लेकराला उगीच रागावलं" अशा निरोपाला उत्तर देणं. एक मूल घरी बसलं तर त्याची भावंडंही येत नाहीत, आणि शिकवणारी मुलगी दुखावली तर दुसऱ्या रविवारपासून वर्ग बंद. दोघांनाही सांभाळायचं असतं.

मागच्या पावसाळ्यात असा एक निरोप आला. रविवारी दुपारी दीडच्या सुमारास, तोही सगळ्या आयांच्या ग्रुपवर. तिसरीतल्या मुलाची आई लिहीत होती, "ताईंनी माझ्या मुलाला सगळ्यांसमोर ओरडलं, अर्धा तास दारात उभं केलं. ढकलाढकली दुसऱ्यानं केली, त्याला काहीच नाही. असं असेल तर आम्ही पाठवणार नाही."

ग्रुपवर मी एकच ओळ टाकली, "निरोप वाचला, तुम्हाला स्वतंत्र लिहिते." मग तिला वेगळा निरोप पाठवला, की मी वर्गात नव्हते, जे तिथे होते त्यांना विचारते आणि उद्या संध्याकाळी सातपर्यंत सविस्तर कळवते. वेळ सांगून ठेवली की समोरचं माणूस थोडं स्थिर होतं. नुसतं "बघते" म्हटलं तर ती दर तासाला फोन उघडून बघणार, आणि राग वाढत जाणार.

आता तुम्हाला वाटेल की मी इथे अनेकांत आणणार. पण मला आठवली ती बी.कॉम.ला शिकलेली बँकेची जुळवणी. आपल्या कीर्दीत शिल्लक एक दिसते, पासबुकात दुसरी. याचा अर्थ कुणी लबाडी केली असा नसतो. आपण दिलेला चेक बँकेत अजून पोचलेला नसतो, किंवा बँकेनं कापलेलं शुल्क आपल्याला माहीत नसतं. म्हणून कुठली नोंद एकाकडे आहे आणि दुसऱ्याकडे नाही, एवढंच शोधायचं. तक्रारीचंही तसंच करते. कोण खरं हे ठरवायला बसत नाही, कुठली नोंद कुणाकडे नाही ते बघते.

संध्याकाळी त्या ताईला फोन केला. चोवीस वर्षांची पोर, आधीच रडवेली. तिला "का ओरडलीस?" असं विचारलं असतं तर ती बाजू मांडत बसली असती. मी विचारलं, सुट्टी किती वाजता झाली, तू कुठे उभी होतीस, काय दिसलं, तोंडून नेमके शब्द काय गेले. ती म्हणाली, सुट्टी नऊ पन्नासला झाली. पाण्याच्या पिंपापाशी गलका ऐकून ती वळली, तेव्हा हा मुलगा दुसऱ्याला ढकलत होता. पाणी सांडलं होतं आणि पहिलीतली एक मुलगी त्यावरून घसरून पडली. ती घाबरून जोरात म्हणाली, "अक्कल आहे का तुला? डोकं फुटलं असतं तिचं!" मग दहाला वर्ग सुरू झाल्यावर त्याला दारापाशी उभं केलं, आणि हजेरी संपल्यावर बसवलं. दुसऱ्या मुलालाही ती बोलली होती, पण बाहेर व्हरांड्यात, एकट्याला.

बघा, ही पहिली नोंद. मुलानं ते पाहिलंच नव्हतं, म्हणून आईच्या वहीत ती नाही.

सोमवारी सकाळी पिंप भरणाऱ्या काकांना विचारलं. ते गाळणं धुवत तिथेच होते. त्यांनी सांगितलं की पहिला धक्का दुसऱ्या मुलानं दिला, दोनदा, आणि मग यानं ढकललं. ही नोंद ताईकडे नव्हती, कारण ती नंतर वळली.

राहिला अर्धा तास. आमच्याकडे चाळीसेक मुलांची हजेरी पाच-सात मिनिटांत होते. शेजारच्या वर्गावरची वहिनी म्हणाली की सव्वादहाला स्तवन सुरू झालं तेव्हा तो बसलेला होता. म्हणजे फार तर पंधरा मिनिटं, बहुधा त्याहून कमी. म्हणून मूल खोटं बोललं असं मुळीच नाही. सगळ्यांच्या नजरेसमोर उभ्या असलेल्या आठ वर्षांच्या पोराला पाच मिनिटंही अर्ध्या तासासारखी वाटतात.

मुलांना मात्र साक्षीला बोलावलं नाही. "त्यानं आधी ढकललं ना?" असं मोठ्यानं विचारलं की मूल हो म्हणतं, आणि पुढे तेच त्याला आठवायला लागतं. विचारायची वेळ आलीच तर "मग काय झालं?" एवढंच विचारावं.

ताईनं आणखी एक सांगितलं होतं, की पंधरा दिवसांपूर्वी यानंच एकाची वही फाडली होती. ते मी उत्तरात घेतलं नाही. आईनं या रविवारबद्दल विचारलं होतं. मागची बाकी इथे ओढली असती तर तिला एवढंच ऐकू आलं असतं, की तुझा मुलगाच तसला.

सोमवारी साडेसहाला लिहिलं. एरवी मी तिला अगंतुगं करते, लिहिताना "तुम्ही" ठेवलं.

"तुमचे तीन मुद्दे होते. एक, सगळ्यांसमोर ओरडलं. हे झालं. 'अक्कल आहे का' हे शब्द ताईंनी वापरले, त्या स्वतः सांगतात आणि त्यांना त्याचं वाईट वाटतं. एक लहान मुलगी घसरून पडली, त्या क्षणी हे झालं. तिला लागलेलं नाही. दोन, दुसऱ्या मुलाला काहीच नाही. त्यालाही बोललं गेलं, व्हरांड्यात, म्हणून तुमच्या मुलाला दिसलं नाही. पहिला धक्का त्याच्याकडून आला नव्हता, हे पाहणाऱ्यांनी सांगितलं. ताईंना ते तेव्हा माहीत नव्हतं, आता आहे. तीन, अर्धा तास. दहाला उभं केलं, सव्वादहाला तो बसलेला होता, एवढं मला खात्रीनं सांगता येतं. येत्या रविवारी ताई त्याच्याशी स्वतः बोलतील. पिंपापाशी सुट्टीत एक मोठं माणूस उभं राहील. आणखी काही विचारायचं असेल तर रात्री नऊनंतर फोन करा."

पाठवण्याआधी दोनदा वाचलं. पहिल्या खर्ड्यात "तुम्ही ग्रुपवर टाकायला नको होतं" असं वाक्य होतं, ते काढलं. खरं होतं, पण त्या दिवशी तिला त्याचा उपयोग नव्हता. दुसऱ्या मुलाचं नावही नव्हतं. आपल्याकडे चार गल्ल्यांत सगळी ओळखीची, नाव गेलं की दोन घरांत अबोला.

नऊला फोन आला. आवाज खाली आला होता. "पहिला धक्का याचा नव्हता, हे लिहिलंत ते बरं केलंत काकू," म्हणाली. अर्ध्या तासाबद्दल मात्र तिचं म्हणणं कायम होतं, की मूल सांगतं ते सांगतं. मी वाद घातला नाही. जुळवणीत चार आण्यांचा फरक राहिला की आमचे सर तो उचंत खात्यात टाकायला सांगायचे, तसा तो तिथेच ठेवला.

रविवारी मुलगा आला. ताईनं त्याला वर्ग सुरू होण्याआधी व्हरांड्यात बोलावलं आणि सांगितलं की तुला आधी ढकललं होतं ते मला माहीत नव्हतं. तो "बरं" म्हणाला आणि पिंपाकडे पळाला. तिथे आता ते काकाच उभे असतात.