शेऱ्याचा रकाना

एप्रिल संपत आला की शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक पीडीएफ हमखास फिरू लागते. तिच्यात विषयवार वर्णनात्मक नोंदी तयारच असतात. ‘अक्षर वळणदार काढतो.’ ‘परिसरातील घटकांची माहिती सांगतो.’ ‘गणिती क्रियांचा सराव आवश्यक.’ एक मेला निकाल वाटायचा असतो, वर्ग भरलेला असतो आणि प्रत्येक मुलाच्या प्रत्येक विषयासमोर काहीतरी लिहायचंच असतं. त्यामुळे ही वाक्यं उतरवून काढणाऱ्यांवर मला रागावता येत नाही. त्यातलं खोटं फारसं काही नसतंही. अडचण एवढीच, की एका मुलाची नोंद उचलून शेजारच्याच्या प्रगतिपुस्तकात टाकली, तरी दोन्ही घरांत कुणाच्या लक्षात येणार नाही.

हा रकाना आला तो मुळात चांगल्या हेतूने. शिक्षणहक्क कायद्यानंतर, 20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयाने महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू झालं. तिसरी-चौथीला 60 टक्के भार आकारिकला, म्हणजे वर्षभरातल्या निरीक्षणाला, तोंडीकामाला, स्वाध्यायाला. उरलेला 40 टक्के संकलितला, म्हणजे सत्राच्या परीक्षेला. गुण गेले, श्रेणी आल्या. पण श्रेणी फार थोडं बोलते. 51 पासून 60 टक्क्यांपर्यंत सगळे ‘क-1’. त्यातल्या कुणाला पाढे येत नाहीत, कुणाला शाब्दिक उदाहरण वाचताच येत नाही, कुणी दीड महिना ऊसतोडीला गेलेला असतो. हे सांगण्याची जागा म्हणजे शेऱ्याच्या त्या दोन-तीन ओळी.

तिसरीतल्या एका मुलाचं उदाहरण घेते. त्याच्या वहीत वजाबाक्यांवर निम्म्या फुल्या, निम्म्या खुणा. तयार नोंद लगेच सापडली असती: ‘वजाबाकीचा सराव आवश्यक’. पण फुल्या कुठे पडल्यात ते पाहत गेलं की चित्र बदलतं. 52 मधून 27 बरोबर. 463 मधून 178 बरोबर, दोन्हीकडे हातचा घेऊनसुद्धा. चुकतं ते 402 वजा 178. त्याचं उत्तर 134. खरं उत्तर 224.

हे 134 आलं कुठून? दोनातून आठ जात नाहीत, शेजारी दशकाच्या घरात शून्य. त्याच्याकडे मागणार काय? म्हणून हा पठ्ठ्या शून्य ओलांडून थेट शतकाच्या घरी गेला, चाराचे तीन केले आणि एककाच्या घरी दहा आणले. बारातून आठ गेले, चार उरले. आता दशकात शून्यातून सात काढायचे. पुन्हा शतकाकडून घेतलं, तिनाचे दोन झाले. दहातून सात गेले, तीन. दोनातून एक गेला, एक. झाले 134. म्हणजे त्याने पहिल्यांदा शंभर उचलले आणि एककाच्या पदरात टाकले फक्त दहा. मधले नव्वद हरवले. त्याचं उत्तर खऱ्या उत्तरापेक्षा बरोबर 90 ने कमी आहे ते म्हणूनच. 503 वजा 267 दिलं तर 236 ऐवजी 146 येतं. पुन्हा तेवढेच नव्वद. एकच चूक अशी वारंवार, त्याच जागी आली, की तो निष्काळजीपणा नसतो. मूल स्वतः बनवलेला नियम इमानाने पाळत असतं.

मी शेरा लिहिला तो असा: ‘हातच्याची वजाबाकी येते. मध्ये शून्य असलेल्या संख्येत (उदा. 402 – 178) शंभर सुटे करताना चुकतो. घरी शंभराच्या चार नोटा आणि दोन रुपये देऊन 178 रुपये द्यायला सांगा. आधी शंभराच्या दहा-दहाच्या नोटा, मग एका दहाचे सुटे रुपये करू द्या.’ रकान्यात मावेना, म्हणून अक्षर बारीक केलं. वडील बाजारात भाजी विकायचे. त्यांना ‘संबोध’ किंवा ‘अध्ययन निष्पत्ती’ लिहिलं असतं तर त्यांनी नुसती मान डोलावली असती. सुटे पैसे करणं हा तर त्यांचा रोजचा धंदा. आणि पहिलं वाक्य गोड लागावं म्हणून लिहिलेलं नव्हतं. 463 चं उदाहरण वहीत होतं. पालकाने ‘दाखवा’ म्हटलं तर दाखवता येईल असंच कौतुक मी शेऱ्यात घेते.

असा शेरा एप्रिलमध्ये बसून सुचत नाही. आकारिकच्या नोंदवहीत वर्षभर तीन-चार शब्द टाकावे लागतात: ‘402, शून्य ओलांडतो’. एवढं असलं की पुढचं वाक्य आपोआप जमतं. नसेल तर पीडीएफ आहेच.

खरं लिहायचं म्हणजे सगळंच लिहायचं असं मात्र नाही. प्रगतिपुस्तक घरात वर्षानुवर्षं राहतं, पाहुण्यांच्या हातात जातं, आणि मोठेपणी ते मूलही वाचतं. एक मुलगी फळ्यावरून उतरवताना ओळी गाळायची, शब्द अर्धे सोडायची. तिच्यासाठी ‘लेखनात अनेक चुका, लक्ष देत नाही’ हा शेरा तयारच होता. पण तोच मजकूर पुस्तकातून उतरवायला दिला तर जवळजवळ बिनचूक. ही तपासणी कुठल्याही शिक्षकाला करता येते. तिच्या पलीकडचं निदान करणं हे आपलं काम नाही. मी एवढंच लिहिलं: ‘पुस्तकात पाहून नीट लिहिते, फळ्यावरचं उतरवताना ओळी सुटतात. डोळे तपासून घ्यावेत.’ वाचन-लेखनातल्या अध्ययन अक्षमतेची शंका असेल तर मी ती रकान्यात घालत नाही. पालकांना बोलावून, दार लोटून बोलते आणि कुठे तपासून घ्यायचं ते सांगते.

स्वभावाच्या शेऱ्यांबाबत मी थोडी हट्टी आहे. ‘चंचल’, ‘आळशी’, ‘शांत’ असे शब्द मी सहसा लिहीत नाही, कारण त्यावर घरी करण्यासारखं काही नसतं. झालाच तर मार. ‘शांत’ लिहिलेली मुलं तर फसवी. घरी अहिराणी किंवा पावरी बोलणारं पोर वर्गात गप्प असतं, कारण प्रमाण मराठीतलं वाक्य जुळवेपर्यंत पुढचा हात वर गेलेला असतो. तिथे ‘चित्र पाहून चार-पाच वाक्यं बोलतो, अचानक प्रश्न विचारल्यास एका शब्दात उत्तर देतो’ असं लिहिलं, की घरच्यांना निदान पोर कुठे बोलतं ते कळतं.

सगळ्यात कोरडा शेरा मिळतो तो पहिल्या बाकावरच्या मुलांना. ‘सर्व विषयांत उत्तम प्रगती.’ चौथीतल्या अशाच एका मुलीला मी लिहिलं: ‘वाचन अस्खलित. धड्यातलं उत्तर चटकन शोधते. असं का झालं असेल, हे विचारल्यावर मात्र पुन्हा पुस्तकातच पाहते. गोष्ट वाचून झाली की शेवट बदलून सांगायला सांगा.’ निकालाच्या दिवशी तिची आई आली, जरा घुश्शातच. “बाई, भाषेत अ-1 दिलंत आणि खाली हे काय?” मी सांगितलं, श्रेणी विचारलेल्या प्रश्नांची आहे, वर्गात गोष्टी सांगताना जे दिसलं ते शेऱ्यात आहे. त्यांना ते पटलं की नाही, चेहऱ्यावरून कळेना. त्यांनी पुस्तक पुन्हा उघडलं, सगळे शेरे सावकाश वाचले, परिसर अभ्यासाच्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, “आणि हे ‘नकाशात दिशा चुकतात’ म्हणजे नेमकं काय करते ती?” मग मी भिंतीवरचा जिल्ह्याचा नकाशा काढून जमिनीवर अंथरला.