शिरगावची शेणाची पाटी आणि गांडूळखताचा हिशेब

सोमाटणे फाट्यावरून आत वळले की शिरगाव लागते. येथील साईमंदिराला लोक प्रति शिर्डी म्हणतात. गुरुवारी फुलांच्या राशी पडतात, हारांचे निर्माल्य होते. परवा मंदिरामागच्या वस्तीवर एक तरुण शेतकरी भेटला. म्हणाला, ‘‘साहेब, दारात चार गाई, शेजारी एवढे निर्माल्य. कर्ज काढून गांडूळखताचा धंदा करू का?’’

म्हटले, ‘‘बाळा, आधी एका वाफ्याचा हिशेब मांडू.’’

बारा फूट लांब, चार फूट रुंद, दोन फूट उंच वाफा, वर सावली आणि चार किलो गांडुळे, असा आरंभाचा खर्च ५,६०० रुपये धरला. दीड टन शेण-पाचोळ्यातून अडीच महिन्यांत साधारण ६०० किलो खत निघते. विकतचे शेण १,८००, मजुरी १,२०० आणि चाळणे-पिशव्या ६००, असे दर खेपेला ३,६०० रुपये जातात. किलोला सात रुपये आले तर हाती उरतात फक्त ६००. वर्षाला चार खेपा धरल्या तरी आरंभाचा खर्च फिटायला दोन वर्षांवर काळ जातो. दहा रुपये आले तर दर खेपेला २,४०० उरतात आणि वर्षाच्या आत पैसे फिटतात. हे भाव मी धरलेले आहेत. वाचकांनी आपल्या गावचे घालावेत.

घरच्या शेणाचे १,८०० रुपये वाचतात हे खरे. पण ते शेण आपल्या शेताला मिळत नाही, हेही जमेस धरावे. नफा ठरतो गिऱ्हाइकावर. तळेगाव परिसरात फुलशेतीची हरितगृहे आणि रोपवाटिका आहेत. तेथे विचारपूस करून मगच दुसरा वाफा घालावा.

निर्माल्यातील दोरा, प्लॅस्टिक आणि तारा आधी काढाव्यात. ताजे शेण व फुले एकदम वाफ्यात टाकू नयेत, ती तापतात आणि गांडुळे मरतात. ढीग करून पंधरा-वीस दिवस कुजवावे. ढिगात हात घातल्यावर ऊब लागली नाही, तरच माल वाफ्यात भरावा. मावळच्या पावसात वाफ्यात पाणी साचले की गांडुळे बाहेर निघतात. म्हणून जागा उंच हवी. खत चहाच्या भुकटीसारखे दिसले, मातीचा वास आला की ते तयार झाले. मग चार दिवस पाणी बंद ठेवावे, म्हणजे गांडुळे खाली जातात.

राहिली परवानगी. २००६ पासून गांडूळखत हे खत नियंत्रण आदेश १९८५ च्या कक्षेत आहे. पिशवीवर नाव छापून विकायचे तर कृषी विभागाची मान्यता घ्यावी लागते आणि ओलावा, सेंद्रिय कर्ब व नत्र ठरल्या प्रमाणात भरावे लागते. निर्माल्यासाठी देवस्थानची लेखी परवानगी घ्यावी.

त्याने कर्जाचा कागद घडी घालून ठेवला. म्हणाला, ‘‘आधी एकच वाफा घालतो, घरच्या पैशाने.’’