जिगाव: पाणी कोणत्या वर्षी, किती पातळीला?

पाणी पाहिजेच. पण पूर्णेवरच्या जिगाव प्रकल्पात ३२ गावं पूर्ण आणि १५ अंशतः बाधित आहेत. अशा धरणाच्या सादरीकरणात नकाशा दाखवतात तो पूर्ण भरलेल्या जलाशयाचा. धरण मात्र टप्प्याटप्प्यानं भरतं. म्हणून जनसुनावणीत उभं राहून विचारा: कोणत्या वर्षी पाणी किती पातळीपर्यंत अडवणार? तेव्हा कोणाचं वावर, कोणता रस्ता बुडेल? घर काठावर उरलं अन् शेत गेलं, तर तो माणूस कोणत्या यादीत? त्याआधी नव्या गावठाणात प्यायचं पाणी, शाळा असेल का? २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे शेवटी इतिवृत्त स्थानिक भाषेत समजावून वाचावं लागतं. त्यात आपला प्रश्न अन् तारखेसकट उत्तर आलं का, ते ऐकूनच उठा.