दोन रुपयांची मंजुरी

फुकट चाचणीसाठी दोन रुपये कापायला यूपीआय पिन मागितला, की मी खालची ओळ वाचतो: दर वेळी जास्तीत जास्त किती आणि कधीपर्यंत. परवा एका व्यायामाच्या ॲपनं तिथे १,४९९ रुपये लिहिले होते. पिन त्या आकड्याला असतो. १५,००० रुपयांपर्यंतच्या पुढच्या वसुलीला तो पुन्हा लागत नाही. २४ तास आधी सूचना तेवढी येते, तीही ऑफरांच्या मेसेजांत बुडते. म्हणून मी चाचणी सुरू होताच यूपीआय ॲपच्या ऑटोपेमध्ये जाऊन मंजुरी रद्द करतो. काही जण लगेच चाचणीही बंद करतात, करोत बापडे. मात्र यानं किंवा मर्यादा घातलेल्या व्हर्च्युअल कार्डानं फक्त पैसे अडतात, सदस्यत्व चालूच राहतं आणि बाकी चढू शकते. त्यामुळे ॲपमध्येही रद्द करून त्याचा मेल जपतो.