फुलाची मजुरी

अर्धा किलोच्या हापूस केकवर आंब्याच्या पातळ फोडींचा गुलाब बसवायला सरावलेल्या हातालाही ४० मिनिटे लागतात. पुण्यातल्या एका लहान बेकरीत हा गुलाब २२ वर्षे मालकीणबाईंनी स्वतः केला. आंब्याच्या दिवसांत सर्वांत जास्त खपायचा तोही हाच केक, किंमत ४५० रुपये. जुन्या वहीत त्याचा हिशोब चार ओळींचा होता : स्पंज ४०, क्रीम ५०, आंबा ९०, खोका आणि बोर्ड ३०; एकूण २१०. मजुरीची ओळच नव्हती, कारण हात घरचा होता.

तो हात मनगटात दुखू लागला आणि केकसाठी एक मुलगी पगारावर ठेवावी लागली. महिना १८,००० रुपये, २६ दिवस, रोज आठ तास. म्हणजे तासाला ८६ रुपये. स्पंज कापण्यापासून खोका बंद होईपर्यंत ७० मिनिटे जात, म्हणजे एका केकमागे १०० रुपये मजुरी. ही ओळ वहीत आली आणि बाकीच्या ओळींवरचा विश्वासही डळमळला. मग तयार केक काट्यावर ठेवला. अर्धा किलोचा म्हणून विकला जाणारा केक ६४० ग्रॅम भरला. क्रीम अंदाजाने लावले जात होते आणि स्पंजच्या कापलेल्या टोप्या कोणी धरतच नव्हते. या दोन ओळी ६५ आणि ५० झाल्या.

खरी चूक आंब्यात होती. डझन ९०० रुपयांना, प्रत्येक फळ पाव किलोचे, म्हणजे तीन किलो. त्या भावाने केकला लागणाऱ्या ३०० ग्रॅमचे ९० रुपये धरले होते. पण केकमध्ये साल आणि कोय जात नाही. पाव किलोच्या फळातून १४० ग्रॅम गर निघाला. शिवाय डझनात एखादे फळ साक्याचे निघते. साका वरून कळत नाही, सुरी घातल्यावरच पांढरट, भुसभुशीत गर दिसतो, आणि त्याच्या फोडी होत नाहीत. उरलेल्या ११ फळांचा गर १,५४० ग्रॅम. म्हणजे ३०० ग्रॅमला १७५ रुपये, जवळजवळ दुप्पट. खोका ३०, गॅस-वीज २०, मजुरी १००, भाड्याचा वाटा ४०. बेरीज ४८०. दुकानात सर्वांत जास्त खपणारा केक प्रत्येकी ३० रुपये खात होता.

हा तोटा तारखेवरही अवलंबून असतो. मार्चमध्ये डझन १,५०० रुपयांना घेतले की त्याच केकला १४७ रुपयांची खोट येते. मेअखेरीस भाव ६०० वर आला की २८ रुपये सुटतात. फळ्यावरची किंमत मात्र हंगामभर एकच होती.

इथे घाई करून केक बंद करणे चूक ठरले असते. भाडे आणि पगार केक केला नाही तरी द्यावेच लागतात. ते बाजूला ठेवले तर ४५० मधून ३४० जाऊन ११० रुपये उरतात. मुलगी रिकामी बसून असती तर हे ११० रुपये नफ्याचेच. पण शनिवारी ती रिकामी नसते. अननसाचा केक २५ मिनिटांत होतो आणि तसाच हिशोब केला तर १५० रुपये सोडतो. गुलाबापायी त्याच केकची गिऱ्हाइके परत जात होती. तोटा खऱ्या अर्थाने तिथे होता, त्या ७० मिनिटांत.

पलीकडच्या दुकानांनी हा प्रश्न डब्यातला रस आणि पिवळे जेल वापरून सोडवला. त्या केकला आंब्याचा वास येतो, आंबा लागत नाही. मालकीणबाईंचे हे मत हिशोबानंतरही बदलले नाही. त्यांनी आत पायरीचा रस घालून पाहिला. तो स्वस्त पडतो, पण त्याला पाणी सुटते आणि संध्याकाळपर्यंत क्रीम घसरते. आटवला तर चव शिजलेली लागते. शेवटी फोडी कापताना उरलेले हापूसचेच तुकडे आत गेले, क्रीम काट्यावर मोजले जाऊ लागले, आणि फळ्यावरची किंमत दर सोमवारी डझनाच्या भावाप्रमाणे बदलू लागली.

गुलाब मात्र कमी झाला नाही. नऊ पाकळ्यांचा केला तर २० मिनिटे वाचतात, हे त्यांनी स्वतः घड्याळ लावून पाहिले होते. त्यांचा गुलाब एकवीस पाकळ्यांचा. गिऱ्हाईक पाकळ्या मोजत नाही, हे त्यांना माहीत होते. गुलाब गिऱ्हाइकासाठी नव्हताच, शहरात तसा दुसऱ्या कोणाला जमत नाही हे स्वतःला दाखवण्यासाठी होता, असे त्यांनी त्या मुलीपाशी कबूल केले. आता हापूस केकच्या किमतीखाली फळ्यावर वेगळी ओळ असते : एकवीस पाकळ्यांचा गुलाब, ६० रुपये जास्त. मागणी कमी झाली आहे. शनिवारी दोन-तीनच होतात, आणि मुलीच्या पाकळ्या अजून मधल्या थरात जाड कापल्या जातात.